इमारत दुरुस्ती प्रकल्प: विशेष सर्वसाधारण सभेच्या तयारीच्या नोंदी

रविवार, १२ जानेवारी २०२५

आज कमिटीची बैठक झाली. विषय एकच, ऑक्टोबरमधल्या सभेत अडकलेली दुरुस्ती. आमची डोंबिवलीतली सोसायटी १९९० सालची, तीन विंग, तळमजला अधिक तीन, एकूण ४८ सदनिका. तीस वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट आदर्श उपविधींप्रमाणे दर तीन वर्षांनी करावं लागतं. ते झालं आहे आणि अहवालात मोठी दुरुस्ती सांगितली आहे. बाहेरचं काम पावसाळ्याआधी उरकायचं तर फेब्रुवारीअखेर परांची उभी राहायला हवी. म्हणजे सभा फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात झाली पाहिजे आणि त्या सभेत ठराव झालाच पाहिजे.

ऑक्टोबरची सभा चार तास चालली आणि एकही ठराव न होता संपली. तिचं इतिवृत्त आज पुन्हा वाचलं. विषयपत्रिकेत तिसरा विषय असा होता: "इमारत दुरुस्तीबाबत चर्चा करणे व योग्य तो निर्णय घेणे." हे वाक्य बहुतेक सोसायट्यांच्या नोटिशीत असतं. त्यातून सभासदाला काय कळतं? किती पैसे, कोणतं काम, आपल्याकडून नेमकं कशाला हो किंवा नाही हवं आहे, यातलं काहीच नाही. त्यामुळे ज्याला जे दिसलं ते तो बोलला. कुणी गळती, कुणी पार्किंग, कुणी कबुतरांची जाळी. ८४ पानांचा ऑडिट अहवाल सभेच्या आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर टाकला होता. तो वाचून आलेले सभासद मोजकेच.

या वेळी विषयपत्रिका आणि सोबतची वाचनाची पानं तयार करण्याचं काम सचिवांनी माझ्याकडे दिलं आहे. सभा रविवार, ९ फेब्रुवारी, सकाळी १० ते १.

बुधवार, १५ जानेवारी

वाचनाच्या पानांना हात लावण्याआधी ठराव लिहायला घेतले. सभेतून बाहेर पडताना कमिटीच्या हातात काय असायला हवं, याचा विचार करत मागे आलो. वर्क ऑर्डर देता यायला हवी. त्यासाठी कामाची व्याप्ती मंजूर हवी, कंत्राटदार ठरलेला हवा, पैसे कसे गोळा करायचे ते ठरलेलं हवं आणि कामावर देखरेख कोण करणार हे लिहिलेलं हवं. असे चार विषय झाले. यात न बसणारं काहीही या सभेत घ्यायचं नाही.

प्रत्येक विषयाखाली ठरावाचा मसुदा पूर्ण वाक्यात लिहिला. कसोटी साधी ठेवली: अध्यक्षांनी तो वाचून "सर्वांना मान्य?" असं विचारलं तर लोकांना हात वर करता आला पाहिजे. "कंत्राटदाराबाबत निर्णय घेणे" यावर हात वर करता येत नाही. "कंत्राटदार 'ब' यांचा सर्व करांसह ६३ लाख रुपयांचा देकार स्वीकारण्यात येत आहे" यावर येतो.

लिहिताना एक विषय आपोआप गळला. खर्च सर्वांनी समान वाटायचा की क्षेत्रफळाप्रमाणे, यावर ऑक्टोबरमध्ये तासभर वाद झाला होता. आदर्श उपविधींत मोठ्या दुरुस्तीची वर्गणी सदनिकेच्या क्षेत्रफळाप्रमाणे घ्यायची असं आहे, आणि आमच्या नोंदणीकृत उपविधींतही तेच. जे उपविधीने ठरलेलं आहे ते विषयपत्रिकेत पर्याय म्हणून मांडायचं नाही, वाचनाच्या पानात नियम म्हणून छापायचं. सभेला ज्यावर अधिकारच नाही त्यावर मत मागितलं की वेळ जातो आणि हरलेल्या बाजूच्या मनात अढी राहते.

रविवार, १९ जानेवारी

आरसीसी कन्सल्टंट साहेबांसोबत बसून ऑडिट अहवालाचं दोन पानी सार केलं. पूर्ण अहवाल सचिवांकडे आणि वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवणार, ज्याला हवा त्याने पाहावा. सारात फक्त तेवढंच घेतलं ज्यावरून पहिला ठराव ठरतो.

उदाहरण म्हणून एकच कॉलम घेतला, बी विंगच्या तळमजल्यावर पंपाशेजारचा. त्याचं प्लास्टर उभं तडकलं आहे, खालच्या भागात काँक्रीटचं आवरण सुटून सळई उघडी पडली आहे. तिथे अल्ट्रासोनिक चाचणीत काँक्रीटमधून जाणाऱ्या ध्वनिलहरींचा वेग सेकंदाला २.८ किलोमीटर आला. ३.५ च्या वर चांगलं काँक्रीट समजतात, ३ च्या खाली शंकास्पद. हाफ-सेल चाचणीत उणे ४१० मिलिव्होल्ट आले. उणे ३५० च्या पलीकडे गेलं की सळई गंजत असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त धरतात. हे दोन आकडे, त्यांचा अर्थ आणि कॉलमचा फोटो अर्ध्या पानात बसले. अशा अवस्थेतले १४ कॉलम आहेत, त्यांची यादी विंगनुसार दिली. प्रत्येक आकड्यासमोर "म्हणजे काय" हे लिहिल्याशिवाय पान पुढे न्यायचं नाही असं आमच्यात ठरलं.

मंगळवार, २१ जानेवारी

तुलनात्मक तक्त्यावर सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि तो जायलाच हवा होता. आलेली कोटेशनं जशीच्या तशी छापली असती तर 'अ' चे ५४ लाख, 'ब' चे ६३ आणि 'क' चे ६९.५ असं दिसलं असतं. "सगळ्यात स्वस्त सोडून नऊ लाख जास्त का देताय?" हा प्रश्न सभेत पहिल्याच मिनिटाला आला असता, आणि उत्तर तोंडी देताना निम्म्यांना पटलं नसतं.

खरं म्हणजे 'अ' च्या ५४ लाखांत जीएसटी नाही. १८ टक्के धरले की ६३.७२ लाख होतात. परांचीचे पैसेही त्याने वेगळे लावले आहेत, ते करासह २.४० लाख. बेरीज ६६.१२. शिवाय त्याने शेवटच्या पानावर बारीक अक्षरात अट घातली आहे की पॉलिमर मॉर्टरचा दर २० मिलिमीटर जाडीपर्यंतच, पुढे जादा. आमच्या कॉलमना बहुतेक ठिकाणी ४० मिलिमीटर लागणार असं कन्सल्टंट साहेब सांगतात. म्हणजे ६६ वरही तो थांबणार नाही.

तक्त्यात दोन ओळी ठेवल्या: "कोटेशनवरची रक्कम" आणि "सर्व समान धरून रक्कम". दोन्हींच्या मधला फरक कुठून आला ते खाली तीन वाक्यांत. तिन्ही कोटेशनच्या प्रती मागे जोडल्या, म्हणजे कुणाला आकडे पडताळून पाहायचे असतील तर पाहता येतील.

गुरुवार, २३ जानेवारी

खजिनदार काकांसोबत पैशांचं पान केलं. दुरुस्ती निधीच्या ठेवीतून १२ लाख ६० हजार मिळतील. उरतात ५० लाख ४० हजार. एकूण क्षेत्रफळ २५,२०० चौरस फूट, म्हणजे फुटाला २०० रुपये. लहान सदनिकेला ९० हजार, मोठीला १ लाख २० हजार. मसुद्यात मार्च ते जून असे चार समान हप्ते.

काकांचा आग्रह होता की सभासदाला फक्त त्याचा आकडा द्यावा, बाकी हिशोब सभेत सांगू. मला ते पटलं नाही. हप्ते वाढवून मागणार हे नक्की, आणि त्या वेळी सोसायटीची अडचण आकड्यांत समोर नसेल तर आवाजावर निर्णय होईल. म्हणून महिन्याचा तक्ता घातला: मेअखेर कंत्राटदाराची साधारण ५० लाखांची बिलं होतील. चार हप्ते ठेवले तर तोवर तीन हप्त्यांचे ३७.८० आणि ठेवीचे १२.६० मिळून ५०.४० लाख जमतात, जेमतेम भागतं. सहा हप्ते केले तर ३७.८० लाखच जमतात आणि १२ लाखांच्या वर तूट येते. काकांनी तक्ता पाहिला आणि स्वतःच त्याला आणखी एक ओळ जोडली, कुणी हप्ता थकवला तर काय.

दुसऱ्या ठरावात आज एक महत्त्वाचं वाक्य वाढवलं. दुरुस्तीच्या कामात प्लास्टर फोडल्याशिवाय आतली खराबी पूर्ण दिसत नाही, त्यामुळे कामाचं परिमाण वाढतंच. हे आधी ठरवून ठेवलं नाही तर काम अर्ध्यावर असताना पुन्हा सभा बोलवावी लागते आणि परांचीचं भाडं चालू राहतं. मसुदा असा: मोजमापानुसार १५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे ९ लाख ४५ हजारांपर्यंतची वाढ कन्सल्टंटच्या लेखी दाखल्यावर कमिटीने मंजूर करावी; त्यापुढे पुन्हा सभा.

शनिवार, २५ जानेवारी

नोटीस निघाली. विशेष सर्वसाधारण सभेला पाच पूर्ण दिवसांची नोटीस चालते, पण वाचायला दोन रविवार मिळावेत म्हणून चौदा पूर्ण दिवस दिले. नोटिशीचा दिवस आणि सभेचा दिवस धरायचा नसतो, म्हणून आजच वाटणं भाग होतं.

एकूण सहा पानं. पहिलं पान विषयपत्रिका, दोन पानं ऑडिटचं सार, एक तुलनात्मक तक्ता, एक पैशांचं, एक देखरेखीचं. कोटेशनच्या प्रती वेगळ्या. ज्येष्ठांच्या सदनिकांत मोठ्या अक्षरातली प्रत छापून दिली. बाहेरगावी राहणाऱ्या सभासदांना नोंदवलेल्या ईमेलवर आणि पत्त्यावर. पोच म्हणून प्रत्येकाची सही घेतली.

विषयपत्रिकेतला दुसरा विषय इथे उतरवून ठेवतो, पुढच्या वेळी उपयोगी पडेल:

विषय २. कंत्राटदाराची निवड. वेळ: १०.४५ ते ११.४५. मांडणी: आरसीसी कन्सल्टंट, १० मिनिटं. आधी वाचायचं: पान ४. अपेक्षित निर्णय: तीनपैकी एका देकाराची निवड आणि वाढीव परिमाणाची मर्यादा. कमिटीची शिफारस: 'ब', कारण सर्व समान धरल्यावर त्यांची रक्कम सर्वांत कमी आहे. दुसरा पर्याय: 'क', ६ लाख ५० हजार जास्त, पण गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची हमी सातऐवजी दहा वर्षांची. निर्णय न झाल्यास: पावसाळ्यापूर्वी बाहेरचं काम पूर्ण होणार नाही, तिन्ही देकारांची मुदत २८ फेब्रुवारीला संपते.

शेवटची ओळ मुद्दाम घातली. निर्णय पुढे ढकलणं हाही एक पर्याय आहे आणि त्याचीही किंमत लोकांना दिसली पाहिजे.

पानाच्या तळाशी "या सभेत न येणारे विषय" असा चौकोन: पार्किंगचं वाटप, कबुतरांची जाळी, सीसीटीव्ही. त्यासाठी २० एप्रिलला वेगळी सभा, विषय सचिवांकडे ३१ मार्चपर्यंत द्यावेत.

रविवार, २६ जानेवारी

झेंडावंदनानंतर खाली बरेच जण थांबले. ए विंगमधले एक काका पान हातात घेऊनच आले होते. म्हणाले, "सगळं तुम्ही ठरवूनच आणलंय, मग सभा कशाला?" प्रश्न रास्त आहे आणि तो आणखी काही जणांच्या मनात असणार. मसुदा ठराव छापला की ही शंका येतेच. त्यांना पान ४ वरचा दुसरा पर्याय दाखवला आणि सांगितलं की मसुद्यात बदल सुचवायचा असेल तर तो वाक्यात लिहून द्या, सभेत तोही मतदानाला घेऊ. ते वॉटरप्रूफिंगच्या हमीबद्दल विचारत राहिले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "मी लिहून देतो." संध्याकाळी कमिटीच्या ग्रुपवर आणि नोटीस बोर्डावर हेच सर्वांसाठी लावलं: मसुद्यात बदलाच्या सूचना ४ फेब्रुवारीपर्यंत, लेखी.

शनिवार, १ फेब्रुवारी

सकाळी कन्सल्टंट साहेबांनी तासभर इमारत दाखवली. बावीस-तेवीस सभासद आले. पंपाशेजारच्या कॉलमवर त्यांनी लाकडी हातोडीने हळूच ठोकलं. वरच्या भागात टणक आवाज आला, गुडघ्याच्या उंचीवर पोकळ. मग म्हणाले, "कुणीतरी वाजवून बघा." तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी हातोडी घेतली, दोन्हीकडे वाजवली आणि सळईवरचा गंजाचा पापुद्रा बोटाने काढून पाहिला. पान २ वरचा उणे ४१० हा आकडा त्यानंतर कुणी परत विचारला नाही.

ही पाहणी सभेच्या वेळात घातली असती तर अर्धी सभा पार्किंगमध्येच गेली असती.

बुधवार, ५ फेब्रुवारी

कालपर्यंत आलेले प्रश्न एकत्र केले. प्रश्नांवरून कोणतं पान वाचलं गेलं आणि कोणतं नाही, हे लगेच कळतं. पैशांच्या पानावर सर्वाधिक आणि नेमके: हप्ता कोणत्या तारखेला, भाडेकरू असेल तर बिल कुणाच्या नावे, सहा हप्ते का नाहीत. तुलनात्मक तक्त्यावर चांगले. देखरेखीच्या पानावर एकही नाही. ते पान मी पुन्हा वाचलं. त्यात सगळं मोघम होतं, "कमिटी वेळोवेळी पाहणी करेल" असं. त्याऐवजी लिहिलं: प्रत्येक विंगमधून एक सभासद, दर शनिवारी कन्सल्टंटसोबत मोजमाप, त्या सहीशिवाय रनिंग बिल नाही, प्रत्येक बिलातून ५ टक्के अनामत राखून ठेवायची. नावांची जागा रिकामी सोडली. रिकाम्या जागेमुळे तरी तो विषय लोकांच्या नजरेत येईल.

परगावच्या दोन सभासदांनी लेखी मत पाठवून ते मतदानात धरावं अशी विनंती केली. तसं करता येत नाही. उपविधींप्रमाणे प्रतिनिधी किंवा मुखत्यारपत्र घेऊन आलेल्यालाही सभेला बसता येत नाही. त्यांचे प्रश्न उत्तरांच्या पानात घेतले आणि मत मोजलं जाणार नाही हे त्यांना स्पष्ट कळवलं. उद्या उत्तरांचं एक पान आणि देखरेखीचं सुधारित पान सर्वांना जाईल. मूळ ठरावांचे मसुदे तसेच राहतील. नोटीस निघाल्यावर विषय वाढवायचा नाही, हे आम्ही कटाक्षाने पाळतोय.

रविवार, ९ फेब्रुवारी

सभा १०.०५ ला सुरू, १.१० ला संपली. ३९ सभासद हजर, गणपूर्ती सुरुवातीलाच झाली. अध्यक्षांनी आधी दहा मिनिटं सर्वांना पान २ आणि ४ शांतपणे वाचायला दिलं. ज्यांनी घरी वाचलं नव्हतं ते तिथे वाचून घेत होते, बाकीचे पुन्हा नजर फिरवत होते.

विषय १ एकमताने, पंधरा मिनिटांत. शनिवारच्या पाहणीने ते काम केलं होतं.

विषय २ ला ठरलेला तास पुरला नाही, पण चर्चा विषयावरच राहिली. ए विंगच्या काकांनी लेखी दिलेली बदलाची सूचना आली: 'क' यांना घ्यावं, हमी दहा वर्षांची. उत्तर त्यांना दुसऱ्या एका सभासदानेच दिलं, पान पुढे करून: हमीच्या तीन जादा वर्षांसाठी साडेसहा लाख, तेवढ्यात गच्चीचं वॉटरप्रूफिंग पुन्हा करता येतं का? कन्सल्टंट साहेब म्हणाले, आजच्या दराने जवळपास येतं. मतदान झालं. 'ब' ला ३३, 'क' ला ६. काकांनी १५ टक्क्यांच्या वाक्यात मात्र एक भर घालून घेतली, ती सर्वांना पटली: वाढीव मोजमापाचा तपशील आठ दिवसांत नोटीस बोर्डावर लावायचा.

मधे एकदा पार्किंगचा विषय निघालाच. अध्यक्षांनी चौकोन वाचून दाखवला, २० एप्रिल. बोलणाऱ्या सभासदाने तिथेच कागदावर विषय लिहून सचिवांकडे दिला आणि चर्चा परत हप्त्यांवर आली.

विषय ३ मध्ये मसुदा बदलला. निवृत्त सभासदांनी सहा हप्ते मागितले. तक्ता सर्वांच्या हातात होता, त्यामुळे "सोसायटी बघून घेईल" असं कुणी म्हणालं नाही. एका काकूंनी विचारलं, सगळ्यांना नाही, पण काही जणांना सहा दिले तर? खजिनदार काकांनी तिथल्या तिथे हिशोब केला. मोठ्या सदनिकेचे मेअखेर ९० हजारांऐवजी ६० हजार येतील, म्हणजे दहा जणांना सवलत दिली तरी तूट जास्तीत जास्त तीन लाख. मेचं बिल पंधरा दिवस उशिरा देण्याची सोय करारात घातली की भागेल. ठराव बदलून झाला: चार हप्ते, लेखी अर्जावर जास्तीत जास्त दहा सभासदांना सहा. बाजूने ३७, विरोधात २.

विषय ४ ला शेवटची दहा मिनिटं उरली. नावांच्या तीन रिकाम्या जागा भरल्या गेल्या. बी विंगमधून पाहणीला हातोडी वाजवणाऱ्या काकूंचं नाव आलं.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

इतिवृत्ताचा मसुदा आज वाटला. ठराव आधीच लिहिलेले असल्याने फक्त बदललेली वाक्यं, सूचक-अनुमोदक आणि मतं भरायची होती. बदललेलं वाक्य ठळक अक्षरात, शेजारी मूळ मसुदा. कुणाला हरकत असेल तर ती नेमक्या कोणत्या शब्दावर आहे ते सांगता येईल.

सोमवार, २४ फेब्रुवारी

वर्क ऑर्डर १५ तारखेला दिली. आज बी विंगला परांची बांधायला सुरुवात. सहा हप्त्यांसाठी सात अर्ज आले, सातही मंजूर.

शनिवार, २२ मार्च

बी विंगचं प्लास्टर उघडल्यावर यादीबाहेरचे आणखी तीन कॉलम खराब निघाले. तिन्हींना मायक्रोकाँक्रीटचं जॅकेट करावं लागेल. आजच्या मोजमापाला काकू, कन्सल्टंट साहेब आणि कंत्राटदाराचा सुपरवायझर हजर होते. वाढ ४ लाख १० हजारांची, म्हणजे साडेसहा टक्के. दुसऱ्या ठरावाच्या मर्यादेत असल्याने कमिटीने संध्याकाळीच मंजूर केली, काम थांबलं नाही. तपशील उद्या नोटीस बोर्डावर लागेल. २० एप्रिलच्या सभेसाठी आतापर्यंत पाच विषय आले आहेत. पार्किंगच्या विषयात अपेक्षित निर्णयाची ओळ अजून रिकामी आहे, ती भरण्यासाठी बुधवारी सचिवांसोबत बसायचं आहे.